सरळ की स्पायरल बेव्हल: थ्रस्ट कुठे जातो?

९० अंशाचा बेव्हल गिअर ड्राइव्ह, पिनियन २० दात, गिअर ४०, म्हणजे पिनियनच्या पिच शंकूचा कोन २६.५७° आणि गिअरचा उरलेला ६३.४३°. प्रेशर अँगल २०° आणि दातावरचा टँजेन्शियल फोर्स १००० न्यूटन धरा.

सरळ दातात पिनियनवर फक्त १६३ न्यूटन थ्रस्ट, म्हणजे शाफ्टच्या दिशेने ढकलणारा जोर, येतो, आणि कुठल्याही दिशेने फिरवा, तो शंकूच्या टोकापासून बाहेरच ढकलतो.

३५° स्पायरलमध्ये मात्र एका दिशेला ८२५ बाहेर, उलटं फिरवलं की ४२८ आत, आणि बेअरिंगमध्ये प्ले असेल तर पिनियन आत सरकून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली फट, खातो, गरम होतो, जॅमसुद्धा होतो.

म्हणून रिव्हर्सिंगला, आवाज चालत असेल तर, मी सरळच घेईन. स्पायरल हवाच तर दोन्ही बाजूंचा थ्रस्ट पेलणारं बेअरिंग लावाच.