चेक बाउन्स: वकिलाची नोटीस आणि कोर्टाचं समन्स

समजा, नागपूरच्या धरमपेठेतल्या दुकानदाराने दिलेला 80,000 रुपयांचा चेक न वटता परत गेला. आधी येते ती नोटीस. ती समोरच्याच्या वकिलाने लेटरहेडवर पाठवलेली असते. त्यावर केस नंबर नसतो. तरी सगळ्यात मोलाची संधी इथेच आहे. नोटीस 3 जूनला मिळाली, तर 15 दिवसांत म्हणजे 18 जूनपर्यंत चेकची पूर्ण रक्कम दिल्यास गुन्हाच होत नाही. पैसे बँकेतून द्या, रोख नको. देणं मान्य नसेल, तर वकिलामार्फत लेखी उत्तर पाठवा. पाकीट पोस्टमनला परत करणं ही मोठी चूक: ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडला की नोटीस मिळाली असंच सहसा धरलं जातं.

समन्स कोर्टाकडून येतं. त्यावर शिक्का, केस नंबर, तारीख असते. नंबर ई-कोर्ट्सच्या साइटवर तपासा आणि सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात त्या तारखेला हजर राहा. गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं. गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणून घाबरू नका. आधार कार्ड, चेक-व्यवहाराची कागदपत्रं आणि जामीनदार सोबत न्या. तडजोड इथेही होते, पण आता फिर्यादीच्या अटींवर.