रविवारी सकाळी मेल साफ करायला बसलो आणि मेलबॉक्सच गमावून बसलो

कोल्हापुरात माझा पुठ्ठ्याचे खोके बनवून देण्याचा छोटा धंदा आहे. ऑर्डरी निम्म्या व्हॉट्सॲपवर येतात, निम्म्या मेलवर. मेलवर ऑर्डरींपेक्षा जाहिरातीच जास्त असतात: कुरिअरचे दर, कर्जाच्या ऑफरी, कधीतरी एकदा काहीतरी मागवलेल्या साइटींचे सेल. एका रविवारी चहा घेऊन बसलो आणि ठरवलं, आज सगळ्यांना अनसबस्क्राइब करायचं.

पहिल्या दहा मेलना काही त्रास झाला नाही. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी `Unsubscribe` दिसायचं, दाबलं की जीमेल एक छोटी चौकट दाखवून विचारायचं, पुन्हा दाबलं की काम संपलं. बोटाला सवय लागली. माझा घात त्या सवयीनंच केला.

अकरावा मेल कुठल्यातरी 'व्यापारी सेवा योजने'चा होता. मी ती घेतल्याचं मला आठवत नव्हतं. मेल उघडल्याबरोबर वरच्या बाजूला करड्या पट्टीत `Unsubscribe` दिसलं. दाबलं. या वेळी चौकट आली नाही, ब्राउझर उघडला. पानावर जीमेलसारखं चिन्ह होतं आणि मजकूर असा की हा पत्ता यादीतून काढायचा तर तो तुमचाच आहे याची खात्री करा. पत्ता आधीच भरलेला होता, खाली पासवर्डचा रकाना. मी पासवर्ड टाकला. लगेच फोनवर गुगलनं विचारलं, साइन इन करणारे तुम्हीच का? मीच तर करत होतो! 'होय' दाबलं. पान म्हणालं, तुमची विनंती नोंदवली आहे. मी बाराव्या मेलकडे वळलो.

गुरुवारी इचलकरंजीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "शेठ, नव्या खात्यावर ॲडव्हान्स टाकलाय, पोहोचला का?" माझं नवं खातं कुठलं? त्यांनी मेल वाचून दाखवला. माझ्याच पत्त्यावरून गेलेला, माझ्याच जुन्या बिलाच्या नमुन्यात, फक्त खाते क्रमांक वेगळा. रक्कम ६४,८०० रुपये. माझ्या `Sent` मध्ये त्याचा मागमूस नव्हता.

पुण्यात आयटीत असलेल्या भाचीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं आधी पासवर्ड बदलायला लावला, मग बाकी सगळ्या उपकरणांवरून साइन आऊट करायला लावलं, आणि मग `Settings` मधलं `Filters and Blocked Addresses` उघडायला सांगितलं. तिथं मी कधीच न केलेला एक फिल्टर बसला होता: या गिऱ्हाइकाकडून येणारा मेल इनबॉक्समध्ये न दाखवता वाचलेला म्हणून नोंदवायचा. त्यांनी आधी 'खातं का बदललं?' असं मेलवर विचारलंही होतं. तो प्रश्न मला दिसलाच नाही, उत्तर चोरानं दिलं. पासवर्ड बदलून हा फिल्टर जात नाही, तो हातानं काढावा लागतो. तुमच्यावर अशी वेळ आली तर `Forwarding and POP/IMAP` सुद्धा उघडून बघा, तिथं परका पत्ता टाकून ठेवलेला असू शकतो.

मग मी रविवारचा तो अकरावा मेल तिला दाखवला. ती म्हणाली, "मामा, तुम्ही दाबलंत ते बटण जीमेलचं नव्हतंच. ते मेलातलं चित्र होतं."

तिनं त्या संध्याकाळी समजावलं ते मला माझ्या भाषेत सांगतो. पाठवणाऱ्याचं नाव आणि त्याखाली `to me` अशी ओळ असते. त्या ओळीच्या खाली मेलचा मजकूर सुरू होतो, तो सगळा पाठवणाऱ्यानं लिहिलेला असतो, मग तो कितीही जीमेलसारखा दिसो. खरं बटण त्याच्या वर, नावाशेजारी असतं आणि ते ॲप स्वतः काढतं. कशावरून काढतं? मेलसोबत काही ओळी लपून येतात. संगणकावर मेलच्या तीन टिंबांतून `Show original` उघडलं की दिसतात. आधीच्या दहांतल्या एका मेलमध्ये साधारण अशा होत्या:

```
List-Unsubscribe: <https://example.com/u/7f3a9c>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
```

म्हणजे पाठवणाराच सांगतो की नाव काढायचं तर या पत्त्यावर कळवा. मी वरचं बटण दाबलं की गुगलचा सर्व्हर माझ्या वतीनं तिथं निरोप देतो. माझा ब्राउझर उघडत नाही आणि माझ्याकडून काही मागितलं जात नाही. `7f3a9c` सारख्या खुणेवरून कोणाचं नाव काढायचं ते त्यांना कळतं. म्हणून तर पासवर्ड मागणं हा शुद्ध बनाव होता. माझा पत्ता त्यांच्याकडे होताच, त्यावरच मेल आला होता!

२०२४ पासून जीमेल खात्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना जाहिरातीच्या मेलमध्ये ही एका दाबातली सोय द्यावीच लागते आणि दोन दिवसांत नाव काढावं लागतं. त्यामुळे मोठ्या दुकानांच्या, ॲपांच्या जाहिराती वरच्या बटणानं बिनधास्त बंद करा. ओटीपी किंवा बिलाच्या मेलला हा नियम नाही, तिथं बटण नसलं तर घाबरू नका.

पण वरचं बटणही प्रत्येक वेळी सारखं वागत नाही. काही मेलांत निरोपासाठी वेबच्या पत्त्याऐवजी मेलचा पत्ता दिलेला असतो. तेव्हा दाबल्यावर तुमच्याच खात्यातून त्यांना एक मेल जातो. काही वेळा जीमेल `Go to website` म्हणतं. ते दाबलंत की तुम्ही पाठवणाऱ्याच्या अंगणात गेलात, तिथं जीमेलचं काही चालत नाही. कंपनी ओळखीची असेल आणि पान फक्त 'नाव काढू का' विचारत असेल तर ठीक आहे. पासवर्ड, ओटीपी, कार्ड किंवा 'एक रुपया भरा' दिसलं की पान बंद करा. मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेल्या लिंकलाही हेच लागू. फोनवर लिंक दाबून धरली की तिचा पूर्ण पत्ता दिसतो. माझ्या बाबतीत त्यात गुगलचं नावही नव्हतं.

आणि जिथं आपण कधी नाव दिलंच नाही, तिथं अनसबस्क्राइबच्या नादाला लागू नये असं भाचीचं म्हणणं. लिंकमध्ये प्रत्येकाची वेगळी खूण असते, त्यामुळे नुसती दाबली तरी या पत्त्यावर कोणीतरी मेल वाचतं एवढं त्यांना समजतं. अशा मेलला `Report spam` करायचं. मला हे पटायला चौसष्ट हजार लागले.

पैशांचं विचाराल तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येते. आम्ही कळवलं तेव्हा पैसे जाऊन दोन दिवस झाले होते. ११,२०० रुपये एका खात्यात अडकलेले सापडले, उरलेले ५३,६०० काढून झाले होते. मेल माझ्या खात्यातून गेला म्हणून मी सगळे भरायला तयार होतो. गिऱ्हाईक म्हणालं, फोन न करता पैसे पाठवले ही चूक आमची. शेवटी निम्मे निम्मे केले. माझ्या वाट्याचे २६,८०० त्यांच्या पुढच्या तीन बिलांतून वळते करतोय, दुसरं बिल या महिन्यात जाईल.