भुरीला सोडा, केवड्याला तांबं

तासगाव-मिरज भागात परसातल्या द्राक्षवेलीवर आधी रोग ओळखावा. पानावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं आणि बोटाने पुसलं गेलं, तर ती भुरी. वरून पिवळट तेलकट डाग आणि त्याच जागी पानाखाली पांढरी लव दिसली, तर केवडा, म्हणजे बागायतदारांचा डाऊनी.

भुरी नुकतीच दिसत असेल तर लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम खायचा सोडा आणि चार थेंब साबण पुरतो. जास्त सोड्याने पानांच्या कडा करपतात, म्हणून आधी दोन पानांवर मारून दोन दिवस थांबावं. सोडा पावसाने धुऊन जातो. लिटरला 5 मिली निंबोळी तेलही भुरीवरच चालतं. साबणात घोटून, संध्याकाळी. उन्हात मारलं तर पान भाजतं. गंधक मारलं असेल तर दोन आठवडे तेल नको.

केवड्यावर मात्र या दोन्हींचा भरवसा मी धरणार नाही. तिथे कॉपर ऑक्सिक्लोराईड 50 टक्के, लिटरला अडीच ग्रॅम, तेही डाग पडण्याआधी, पावसाळी हवा दिसताच. सोड्यात मिसळू नये. हातमोजे, मास्क घालावा, मासे असलेल्या हौदापासून लांब राहावं आणि फळं तोडण्याआधीचं अंतर पुडीवर वाचून पाळावं.