टायटॅनियमचे डूल, अकरा महिने: खाज होती ती फिरकीची

डुलांच्या फिरकीत निकेल निघालं म्हणून मी विक्रेत्याकडे तक्रार केली होती, तिला त्यांचं शेवटचं उत्तर परवा आलं. फिरकी दागिन्यात धरत नाहीत, तेव्हा ‘संपूर्ण टायटॅनियम’ हा आमचा दावा खोटा ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं. या फिरकीपायी मी चार महिने चांगल्या डुलांना दोष देत होते. मला हे उत्तर अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

निकेल मला सोसत नाही, हे चार वर्षांपूर्वी कळलं. म्हापशाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून चाचणी केली. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या तेव्हा निकेलची जागा लाल झालेली होती आणि चौथ्या दिवशी तिथे बारीक पुळ्या उठल्या. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, ही अॅलर्जी सहसा जात नाही, धातूच बदलावा लागतो. दुसरी म्हणजे, निकेलचा त्रास लगेच होत नाही, एक-दोन दिवस मागाहून येतो. दुसरी गोष्ट मी तेव्हा नीट मनावर घेतली नाही. संध्याकाळभर घालून बघायचं, खाज आली नाही की ‘चालतं’ म्हणायचं, असंच माझं चालायचं. खरं तर आधी कानाची पाळी पूर्ण बरी होऊ द्यायची आणि मग एकच जोड सलग दोन आठवडे घालायचा. त्याशिवाय काही कळत नाही.

आधी चांदीचे टॉप्स होते. खाज नव्हती, पण पावसाळा लागला की आठ दिवसांत काळे पडायचे, पाळीच्या मागे काळा डाग उमटायचा. तो डाग म्हणजे अॅलर्जीच, असं धरून मी ते काढून ठेवले.

मग साडेतीनशे रुपयांचे सर्जिकल स्टीलचे डूल घेतले. दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवलं: चिकटत नाही, म्हणजे निकेल नाही. हे साफ चूक आहे. या जातीचं पोलाद चुंबकाला चिकटत नाही ते त्यात निकेल असतं म्हणूनच. ३१६ एल म्हणून जे खरं सर्जिकल स्टील असतं, त्यात शंभरात दहा ते चौदा भाग निकेल असतं. त्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो, तो निकेलला आत धरून ठेवतो, त्यामुळे पुष्कळ जणांना ते चालतंही. मलाही थंडीत चाललं. मे महिन्यात फोंडा-पणजी बसमधून रोज घामाने भिजून उतरायला लागल्यावर मात्र दोन्ही पाळ्या चिघळल्या, उशीला लस लागायची. घामातलं मीठ हा पापुद्रा जागोजागी खातं, आणि माझ्या पाकिटावर तर कोणत्या जातीचं पोलाद हेही लिहिलेलं नव्हतं. आपल्याकडच्या हवेत आणि समुद्रावर जाणाऱ्याने स्टीलच्या भरवशावर राहू नये, असं माझं मत झालं आहे.

गेल्या सप्टेंबरात टायटॅनियमचा हा जोड घेतला, चौदाशे पन्नास रुपयांना. इतके पैसे कानातल्यांवर मी कधी घातले नव्हते. हाताला लागलं ते वजन. त्याच मापाच्या स्टीलच्या जवळपास निम्मं, घातलंय हे विसरायला होतं. काळे पडत नाहीत, रात्री काढावे लागत नाहीत. जानेवारीपर्यंत मी ज्याला-त्याला हेच घ्या म्हणून सांगत होते.

मार्चमध्ये खाज परत आली. दागिन्यांच्या टायटॅनियमच्या मिश्रधातूत अॅल्युमिनियम आणि व्हॅनेडियम असतं, निकेल घातलेलं नसतं, हे वाचलेलं होतं. तरी वाटलं, धातू बनावट असेल, पैसे पाण्यात गेले. जून संपत आला तेव्हा एका रात्री नणंदेने मोबाइलचा दिवा धरून पाळी पाहिली आणि म्हणाली, ‘‘वहिनी, पुढून काहीच नाही गं. मागेच आहे.’’ फोटो काढला. पाळीच्या मागे फिरकीच्या दोन पाकळ्यांचा आकार जसाच्या तसा लाल उमटला होता, छापल्यासारखा. पुढची कातडी आणि भोक दोन्ही स्वच्छ.

निकेल ओळखायचं दोन बाटल्यांचं औषध मिळतं. एकीत डायमिथाइलग्लायॉक्सिम, दुसरीत अमोनियाचं पाणी. कापसाच्या काडीवर दोन्हींचा एकेक थेंब घ्यायचा आणि धातूवर अर्धा मिनिट घासायचं. निकेल सुटत असेल तर कापूस गुलाबी होतो. डुलाची दांडी घासली: कापूस पांढराच. फिरकी घासली: दहा सेकंदांत गडद गुलाबी. जुने चांदीचे टॉप्स काढले, त्यांच्यावरही कापूस पांढरा. बाजारातून घेतलेली जर्मन सिल्व्हरची माळ घासल्याबरोबर गुलाबी झाली. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच, तांबं, निकेल आणि जस्त असतं.

ज्या स्टीलने माझे कान चिघळवले, त्यावर मात्र कापूस पांढराच राहिला. यावर मी बराच विचार केला. अर्ध्या मिनिटात जे सुटतं तेवढंच ही चाचणी पाहते, आणि कान तोच धातू घामात आठवडेच्या आठवडे धरून असतो. म्हणून गुलाबी दिसलं तर ती वस्तू बाद करावी, पण पांढरं दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नये.

गुलाबी कापसाचा फोटो विक्रेत्याला पाठवला. फक्त फिरक्या बदलून द्या, एवढंच मागितलं होतं. त्यावर आलेलं उत्तर वर लिहिलंच आहे.

मग फोंड्याला आमच्या सोनार शेटांकडे गेले. त्यांनी डूल हातात घेऊन सांगितलं, ‘‘बाय, दांडी मोडली तर माझ्याकडे आणू नको. ह्याला आमची झाळ बसत नाही.’’ टायटॅनियमची ही अडचण खरीच आहे, तापवलं की ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्यामुळे साध्या भट्टीत त्याची दुरुस्ती होत नाही. पण फिरकीचं काम सोपं निघालं. माझी दांडी गुळगुळीत आहे, मळसूत्राची नाही. मळसूत्र असतं तर आटे जुळवावे लागले असते. शेटांनी दांडी मोजली, पाऊण मिलिमीटरच्या जरा वर भरली, आणि ९२५ चांदीच्या पत्र्याच्या दाबाच्या फिरक्या करून दिल्या, जोडीला तीनशे रुपये. हजारातले उरलेले पंचाहत्तर भाग काय घालता म्हणून मी विचारून घेतलं. ‘‘तांबं, दुसरं काही नाही.’’

आज सात आठवडे झाले. पहिल्या दहा दिवसांत लाली गेली, आता पाळीच्या मागे हात लावला तर कातडी मऊ लागते. चांदी मऊ असल्यामुळे फिरकी सैल होते, पंधरा दिवसांनी पाकळ्या चिमट्याने किंचित दाबाव्या लागतात. जुलैत त्या काळ्या पडल्या आणि मागे काळा डागही आला. तो साबणाने गेला, खाज नव्हती, कातडी उचललेली नव्हती. जुन्या टॉप्सवर मी अन्याय केला होता, हे तेव्हा कळलं. ते परत वापरात काढले आहेत. माझं ऐकून कोणी चांदी सोडली असेल, तर त्यांनी ती पुन्हा घालून बघावी.

डुलांना माझे पूर्ण गुण, विक्रेत्याला एकही नाही. घेताना धातू कोणता हे विचाराल, तेव्हा फिरकी कशाची हेही लेखी विचारा. चवथीच्या आधी आणखी दोन जोड फिरक्या करायला टाकल्या आहेत, त्यातला एक नणंदेसाठी.