रात्री दोन वाजता कापले जाणारे पैसे

मी दुबईत नोकरी करतो. फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी मी युरो-डॉलरचा एक लॉट, म्हणजे एक लाख युरो, १.०८३० ला घेतला. ब्रोकरचा रिलेशनशिप मॅनेजर फोनवर म्हणाला होता, "सर, ब्रोकरेज शून्य. हवं तितके दिवस होल्ड करा." मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

सहा आठवड्यांनी भाव १.०८६० झाला. भावाच्या चौथ्या दशांशातला एक आकडा म्हणजे एक पिप. तीस पिप्स, म्हणजे ३०० डॉलरचा नफा. सौदा बंद केला, तर खात्यात ९९ डॉलर कमीच. हिस्ट्रीत 'Swap' या रकान्यात उणे ३९९ होतं.

न्यूयॉर्कला संध्याकाळचे पाच वाजले की चलनबाजाराचा दिवस संपतो. तेव्हा दुबईत रात्रीचे दोन वाजलेले असतात. मार्चमध्ये तिकडची घड्याळं पुढे गेली की एक. त्या क्षणी सौदा उघडा असेल, तर तो पुढच्या दिवसावर ढकलला जातो आणि दोन चलनांच्या व्याजदरांतला फरक खात्यात जमा किंवा वजा होतो. यालाच स्वॅप म्हणतात. बुधवारी तीन रात्रींचा एकदम कापतात, कारण सौद्याची पूर्तता दोन कामकाजी दिवसांनी होते आणि शनिवार-रविवार त्यातच धरलेले असतात. म्हणजे सुट्टीचेही पैसे भरावेच लागतात. सहा आठवड्यांचे ४२ दिवस, रोज साडेनऊ डॉलर.

व्याजातला फरक द्यावा लागतो, याबद्दल माझी तक्रार नाही. पण फरक होता किती? तेव्हा अमेरिकेत व्याज साधारण ५.३ टक्के होतं आणि युरोपात ३.९. माझ्या सौद्याची किंमत १,०८,३०० डॉलर. त्यावर वर्षाला १.४ टक्के धरले, तर रोजचे चार डॉलरच्या आसपास येतात. माझ्याकडून दुपटीहून जास्त घेतले. हा वरचा पैसा ब्रोकरने लावलेला होता आणि त्याबद्दल मला कोणी अवाक्षर सांगितलं नव्हतं.

खात्री करायला मेटाट्रेडर या सौदे लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये चलनजोडीवर राइट क्लिक करून 'Specification' उघडलं. तिथे होतं:

```
Swap long: -9.5
Swap short: -1.2
```

माझ्या ब्रोकरकडे हे आकडे पॉइंटमध्ये होते, म्हणजे पिपच्या दहाव्या हिश्शात. या जोडीत एका लॉटला एक पॉइंट म्हणजे एक डॉलर. दुसरी ओळ पाहून मला खरा धक्का बसला. युरो विकणाऱ्याला व्याजाचा फरक मिळायला हवा, तर त्याच्याकडूनही हे कापतच होते. व्याजदरांत एवढं अंतर असताना दोन्ही बाजू उणे दिसल्या, तर ब्रोकर स्वतःची कमाई त्यात मिसळतोय हे ओळखा. सौदा लावण्याआधी हे दोन आकडे पाहा आणि जितके दिवस ठेवणार असाल त्याने गुणा.

मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "स्वॅप म्हणजे ब्रोकरेज नाही ना सर, अटींमध्ये लिहिलंय." मग 'स्वॅप-फ्री' खातं सुचवलं. त्याच्या अटी या वेळी मी आधी वाचल्या. पाचव्या रात्रीपासून प्रत्येक लॉटमागे रोज दहा डॉलर 'व्यवस्थापन शुल्क' होतं.