डेस्टिनेशन वेडिंगसाठी जास्तीची रजा: लग्नाआधी घ्यावी की लग्नानंतर?

दूरच्या ठिकाणी होणाऱ्या लग्नाचे निमंत्रण स्वीकारले आणि सोहळ्याच्या दिवसांव्यतिरिक्त आणखी दोन दिवसांची रजा मिळणार असली, की ते दोन दिवस लग्नाच्या आधी जोडावेत की नंतर, हे ठरवावे लागते. बहुतेक पाहुणे ते नंतर जोडतात, कारण आधी कर्तव्य पार पाडावे आणि मग निवांत फिरावे हा क्रम मनाला सहज पटतो. माझे मत मात्र असे आहे की, प्रवासात विमान किंवा बोट यांसारखा वेळापत्रकाला बांधलेला एक जरी टप्पा असेल, तर निदान एक पूर्ण दिवस लग्नाआधीच हवा. पोशाख कसे न्यायचे आणि स्थळापर्यंत कसे जायचे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरेही या एका निर्णयावर अवलंबून असतात, म्हणून तिन्हींचा विचार एकत्रच केलेला बरा.

एक उदाहरण घेऊन पाहू. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता स्वागताचे भोजन आहे, शनिवारी सकाळी दहा वाजता लग्न, त्याच रात्री मेजवानी आणि रविवारी न्याहारीनंतर निरोप. स्थळ एका बेटावर आहे. तिथे जाण्यासाठी आधी विमानाने जवळच्या मोठ्या शहरात उतरायचे, तिथून बोटीने दीड तास आणि पुढे रस्त्याने एक तास. बोटी दिवसातून दोनच सुटतात, दुपारी बाराला आणि साडेचारला.

पहिला पर्याय असा, की शुक्रवारी पहाटे निघायचे आणि लग्नानंतर मंगळवारपर्यंत राहायचे. विमान दहाला उतरले, सामान हाती यायला चाळीस मिनिटे लागली आणि धक्क्यावर पोहोचायला अर्धा तास, तर सव्वाअकराच्या आत आपण धक्क्यावर असतो आणि अडीच वाजता खोलीत. कागदावर हे वेळापत्रक चांगले दिसते. पण विमानाला एका तासाचा उशीर झाला, तर आपण बारा वाजून दहा मिनिटांनी धक्क्यावर पोहोचतो आणि बोट निघून गेलेली असते. पुढची बोट साडेचारची, म्हणजे खोलीवर पोहोचायला सात वाजणार आणि भोजन तर तेव्हाच सुरू होणार. एका तासाच्या उशिराने आपले साडेचार तास जातात, कारण झालेला उशीर पुढच्या बोटीच्या वेळेला जाऊन थांबतो. विमान सहा तासांनी उशिरा आले किंवा वाऱ्यामुळे साडेचारची बोट रद्द झाली, तर दुसऱ्या दिवशी बाराची बोट धरावी लागेल, आणि ती आपल्याला अडीच वाजता, लग्न लागून गेल्यावर पोहोचवील.

दुसरा पर्याय म्हणजे बुधवारी निघायचे आणि रविवारी दुपारी परतायचे. यात हाच उशीर झाला तरी फक्त बुधवारची संध्याकाळ वाया जाते. तिसऱ्या पर्यायात एक दिवस आधी आणि एक दिवस नंतर, म्हणजे गुरुवारी निघून सोमवारी परतायचे. यात दोन्ही बोटी चुकल्या तरी शुक्रवारी दुपारी आपण स्थळी असतो. विलंबाचा धोका टाळण्यापुरते बोलायचे, तर या उदाहरणात तिसरा पर्याय पुरेसा आहे आणि दुसऱ्यात मिळणारा जास्तीचा दिवस हा विश्रांतीचा लाभ आहे. जाताना घड्याळाच्या वेळेत चार-पाच तासांहून अधिक फरक पडत असेल, तर मात्र हा दिवसही मोलाचा ठरतो, कारण मेजवानीच्या रात्री डोळ्यांवर झोप येणे कोणालाच नको असते.

स्वतःच्या बाबतीत हा हिशेब करताना एकच गोष्ट आधी शोधावी: शेवटच्या टप्प्याची सेवा दिवसातून किती वेळा आहे? ती दर तासाला असेल तर एक रात्र आधी पोहोचणे पुरते. दिवसातून एकदाच किंवा दोनदा असेल, तर पूर्ण दिवसाची मोकळीक ठेवावी. तसेच विमानाची दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील आणि पहिल्याच्या उशिरामुळे दुसरे विमान चुकले, तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. तिच्या लेखी तो प्रवासी फक्त हजर राहिला नाही. सगळे टप्पे एकाच आरक्षणात असतील तर पुढच्या विमानात बसवून देणे कंपनीचे काम ठरते. म्हणून वेगळ्या तिकिटांत थोडे पैसे वाचत असले तरी जातानाचा प्रवास एकाच आरक्षणात ठेवावा, आणि बचत करायचीच झाली तर ती परतीच्या बाजूने करावी.

आता आधीचे दिवस कुठे घालवायचे? येथे अनेकांचा हिशेब चुकतो. ते दोन दिवस आधी निघतात खरे, पण ते दिवस विमानतळाच्या शहरात फिरण्यात घालवतात आणि बोट शुक्रवारीच धरतात. म्हणजे सर्वांत बेभरवशाचा टप्पा पुन्हा लग्नाच्या तोंडावर येतो आणि आधी निघण्याचा निम्मा उपयोग संपतो. मोकळा दिवस नेहमी कच्च्या दुव्याच्या पुढच्या बाजूला हवा. शहर पाहायचेच असेल तर ते परतताना पाहावे. तिसऱ्या पर्यायातील नंतरचा दिवस यासाठीच उत्तम आहे: रविवारी बोटीने शहरात यायचे, रात्री विमानतळाजवळ राहायचे आणि सोमवारी निघायचे. मग रविवारची बोट उशिरा आली तरी परतीचे विमान चुकत नाही.

पोशाखांच्या बाबतीत प्रश्न असतो तो बॅग हातासोबत न्यावी की विमानाच्या पोटात द्यावी हा. चुकलेल्या बॅगा बहुतेक वेळा सापडतात आणि एक-दोन दिवसांत पोहोचत्या होतात. म्हणजे गुरुवारी हरवलेली बॅग शनिवारी सकाळपर्यंत हाती लागण्याची चांगली शक्यता असते, तर शुक्रवारी हरवलेली बॅग लग्न आटोपल्यावर येण्याचीच भीती अधिक. शुक्रवारी पोहोचणाऱ्याला त्यामुळे लग्नाचा पोशाख हातासोबत नेण्यावाचून पर्याय नाही. पण अनेक विमान कंपन्यांची हातातील सामानाची मर्यादा सात किलोच्या आसपास असते, आणि भरतकामाचा एक जड पोशाख, त्याबरोबरची पादत्राणे आणि दागिने एवढ्यातच ती भरत येते. गुरुवारी किंवा त्याआधी पोहोचणाऱ्याला सामान वाटून घेता येते: लग्नाच्या वेळेचा पोशाख, दागिने आणि औषधे हातासोबत, मेजवानीचा पोशाख, दुसरी पादत्राणे आणि रोजचे कपडे मोठ्या बॅगेत. दोघे जण जात असतील, तर प्रत्येकाच्या मोठ्या बॅगेत दुसऱ्याचाही एक जोड ठेवावा, म्हणजे एक बॅग अडकली तरी कोणीच अगदी रिकामे राहत नाही.

बॅग आलीच नाही, तर विमानतळाबाहेर पडण्याआधी सामानाच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, आणि तिथे हॉटेलचा पत्ता द्यावा, घरचा नव्हे. मुक्काम मध्येच बदलणार असेल तर तारखेनिशी दोन्ही पत्ते द्यावेत. बॅग बेटावर पोहोचवायची असेल तर तिलाही तीच बोट धरावी लागते, हे लक्षात ठेवावे. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात उशिरा आलेल्या सामानाबद्दलची लेखी मागणी, सामान हाती आल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. नुकसान झालेल्या सामानासाठी ही मुदत ७ दिवसांची आहे. दरम्यान घेतलेल्या आवश्यक कपड्यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

आधी पोहोचण्याचा दुसरा लाभ कपड्यांच्या घड्यांना होतो. प्रवासात चुरगळलेला पोशाख पोहोचताच टांगून ठेवला, तर साध्या घड्या रात्रभरात बऱ्याचशा सैल होतात, आणि उरलेल्यांसाठी हॉटेलच्या इस्त्रीवाल्याकडे कपडे द्यायला दिवसभराचा वेळ असतो. लग्नाच्या सकाळी ही सेवा सर्वच पाहुण्यांना एकदम हवी असते. शिवाय जागा आधी डोळ्यांनी पाहता येते. हिरवळीवर किंवा वाळूत टोकदार टाचा रुततात, तिथे रुंद टाचेची किंवा सपाट पादत्राणे लागतात; स्थळ डोंगरावर असेल तर दर हजार मीटर उंचीमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणून उघड्यावरच्या मेजवानीसाठी शाल किंवा जाकीट लागते. हे अंदाज घरीही बांधता येतात, पण एखादी वस्तू कमी पडली तर ती मिळवायला वेळ फक्त आधी पोहोचलेल्यांकडे असतो.

स्थळापर्यंतच्या शेवटच्या तासाभरासाठी यजमानांची बस किंवा स्वतः घेतलेली गाडी असे दोन मार्ग असतात. बस सहसा सोहळ्याच्या दिवसांपुरती आणि ठरावीक वेळांनाच असते. शुक्रवारी येणाऱ्यांना ती मिळते, गुरुवारी येणाऱ्यांना बहुधा नाही, हा आधी जाण्यातला खरा तोटा आहे. तो खर्च आपणच करावा आणि गाडी निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावी, कारण एकांतातल्या ठिकाणी मोबाइलवरून आयत्या वेळी गाडी मिळेल याचा भरवसा नसतो. मेजवानीच्या रात्रीसाठी मात्र स्वतःची गाडी असली तरी बसच निवडावी. अंधारात अनोळखी रस्ता असतो, आणि हातात पेला असेल तर गाडी चालवणे मुळीच नको. आपले हॉटेल स्थळापासून दूर असेल तर शेवटची बस किती वाजता सुटते आणि आपल्या हॉटेलवर थांबते का, एवढे दोन प्रश्न यजमानांच्या वतीने व्यवस्था पाहणाऱ्याला आधी विचारावेत; लग्नाच्या दिवशी वधूवरांना असे काही विचारू नये.

नंतरचे दिवस निवडणे योग्य ठरते अशाही काही परिस्थिती आहेत. स्थळापर्यंत सरळ रस्त्याने स्वतःच्या गाडीने जाता येत असेल, तर वरचे बहुतेक धोके उरत नाहीत. जवळचे नातेवाईक असाल आणि आधी गेल्यास सगळा वेळ कामातच जाणार असेल, तर खरी सुटी नंतरच मिळते. तसेच सोबत्यांना भेटण्यासाठी जात असाल, तर ते कधी थांबणार आहेत ते विचारून घ्यावे. बहुतेक पाहुणे रविवारी दुपारी एकदमच निघून जातात, आणि त्या दुपारी बोटीला व विमानतळावर गर्दीही तीच असते. नंतर राहणार असाल तर जड पोशाख त्याच दिवशी परतणाऱ्या घरच्या माणसाबरोबर पाठवता आले, तर पुढचे दिवस हलक्या बॅगेने काढता येतात.

जास्तीच्या रात्री कुठल्याही बाजूला घ्या, खोली ठरवताना यजमानांनी राखून ठेवलेल्या खोल्यांचा सवलतीचा दर आधीच्या किंवा नंतरच्या रात्रींना लागू आहे का, हे हॉटेलला थेट विचारावे. पुष्कळ हॉटेले तो मागेपुढे दोन-तीन रात्री देतात, पण मागितल्याशिवाय नाही, आणि राखीव खोल्यांची मुदत संपल्यावर तर अजिबात नाही. सोहळ्याच्या रात्री आणि जास्तीच्या रात्री दोन वेगळ्या आरक्षणांत असतील, तर ती जोडून एकच खोली द्यायला सांगावी. नाहीतर शुक्रवारी सकाळी टांगलेले सगळे पोशाख उतरवून दुसऱ्या खोलीत न्यावे लागतील, आणि ती खोली तयार होईपर्यंत दुपार होईल.