आधी बाप्तिस्मा की आधी शिकवण? मोतोलिनिया आणि लास कासास

स्पेनने जिंकलेल्या मेक्सिकोत 1524 मध्ये आलेल्या, फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाच्या बारा धर्मगुरूंपैकी मोतोलिनिया याच्या मते मूळ रहिवाशांना आधी बाप्तिस्मा द्यावा आणि शिकवण नंतर देत राहावी. केचोलाकच्या मठात आपण आणि आणखी एका धर्मगुरूने पाच दिवसांत चौदा हजारांहून अधिक लोकांना बाप्तिस्मा दिला, असे तो स्वतः नोंदवतो; इतक्या घाईत कोणाला कितपत समजले असेल, ही शंका रास्तच आहे.

डोमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघाचा धर्मगुरू लास कासास याची भूमिका नेमकी उलट होती. समजून, स्वेच्छेने स्वीकारलेली श्रद्धाच खरी, असे तो मानत असे. म्हणूनच 1537 मध्ये ग्वाटेमालातील तुसुलुत्लान प्रदेशात पाच वर्षे स्पॅनिश वसाहतवाल्यांना प्रवेश नसावा, अशी अट त्याने राज्यपालाकडून मान्य करून घेतली. मेक्सिकोतील त्लास्कालात लांबून चालत आलेल्या एका माणसाला लास कासासने बाप्तिस्मा नाकारला, आणि त्याबद्दलचा राग मोतोलिनियाने 1555 च्या पत्रात स्पेनचा सम्राट पाचवा चार्ल्स याच्यापुढे मांडला. स्वेच्छेने न ऐकणाऱ्यांवर सक्ती करावी, असेही त्याच पत्रात आहे.

तरीही मोतोलिनियाला निर्दय म्हणता येत नाही, कारण खाणी आणि वेठबिगारी यांची गणना त्यानेच मेक्सिकोवर कोसळलेल्या दहा अरिष्टांत केली होती. अत्याचार दोघांनाही दिसत होते. मात्र लास कासासने त्यावरून स्पॅनिश विजयाच्या वैधतेवरच प्रश्न उपस्थित केला, तर मोतोलिनियाला त्याच विजयामुळे धर्मप्रसाराचा मार्ग खुला झालेला दिसला.